चाडमध्ये तेलाच्या पैशांवरचा कडक कायदा का टिकला नाही

प्रश्न: "तेल सापडलं की सरकारं लोकांना जुमानत नाहीत, लोकशाही खिळखिळी होते, असं नेहमी वाचतो. मग तेल निघायच्या आधीच कडक कायदा करून, पैसे परदेशातल्या खात्यात ठेवून, वर देखरेख समिती बसवली तर हे टळणार नाही का? असं कुठे करून पाहिलंय का?"

करून पाहिलंय, आणि जवळजवळ तुम्ही म्हणताय तसंच. मध्य आफ्रिकेतल्या चाड या देशात. तेलाच्या उत्पन्नाचा हिशेब तपासण्याच्या कामात हे उदाहरण पुन्हा पुन्हा काढावं लागतं, कारण तिथे काय करायचं हे आधी ठरवलं होतं, कागदावर उतरवलं होतं आणि जागतिक बँक पाठीशी उभी होती. तरीही पहिलं तेल निघाल्यापासून साधारण पाच वर्षांत ती सगळी व्यवस्था मोडीत निघाली. ती नेमकी कुठून मोडली हे पाहिलं की तेलाचा पैसा सरकारला उत्तरदायित्वातून कसा सोडवतो तेही कळतं. म्हणून इतर देशांची यादी न देता याच एका प्रकरणात खोलात जातो.

आधी मूळ अडचण. तेलामुळे नेते भ्रष्ट होतात, एवढंच आपण सहसा म्हणतो. भ्रष्टाचार तेल नसलेल्या देशांतही असतो. फरक पडतो तो सरकारचा पैसा कुठून येतो यामुळे. लाखो शेतकरी, दुकानदार, पगारदार यांच्याकडून कर घ्यायचा तर सरकारला त्यांची नोंद ठेवावी लागते, वसुलीची यंत्रणा उभी करावी लागते आणि लोकांची थोडीफार तरी संमती मिळवावी लागते. लोक कर चुकवू शकतात, संप करू शकतात, मत फिरवू शकतात. तेलाचा पैसा मात्र दोन-तीन कंपन्यांकडून येतो, एका नळातून वाहतो आणि एका खात्यात जमा होतो. त्या खात्यावर ज्याची सही चालते त्याला बाकी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. वर त्याच पैशातून सैनिकांचे पगार निघतात आणि विरोधकांना पदं देऊन गप्प करता येतं. म्हणजे कर मागण्याची गरज संपते, लोकांना विकत घेण्याची ऐपत येते आणि दडपण्याचं साधनही हाती येतं.

आता चाड. देशाला समुद्रकिनारा नाही. तेल दक्षिणेत, डोबा खोऱ्यात. ते बाहेर काढायचं तर शेजारच्या कॅमेरूनमधून क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 1,070 किलोमीटरची पाइपलाइन टाकावी लागणार होती. एक्सॉन, पेट्रोनास आणि शेव्हरॉन या तीन कंपन्या पैसा घालायला तयार होत्या, पण अशा अस्थिर देशात जागतिक बँक सोबत असावी हा त्यांचा आग्रह होता. बँकेचं स्वतःचं कर्ज एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होतं. तिच्या असण्याने मिळणारी हमी महत्त्वाची होती. बँकेने अट घातली की आधी उत्पन्नाच्या वाटपाचा कायदा करा. राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी 1990 मध्ये बंड करून सत्तेवर आले होते. त्यांच्या सरकारने जानेवारी 1999 मध्ये तो कायदा लागू केला, जून 2000 मध्ये बँकेने प्रकल्प मंजूर केला आणि 2003 मध्ये तेल वाहू लागलं.

कायद्यातलं वाटप असं होतं. तेलाचा पैसा आधी लंडनमधल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या अटींवरच पैसे सोडणाऱ्या खात्यात, जाणार. त्यातले 10 टक्के पुढच्या पिढ्यांच्या निधीत. उरलेल्या रकमेचे 80 टक्के शिक्षण, आरोग्य, ग्रामीण विकास, रस्ते, पाणी अशा प्राधान्य क्षेत्रांवर, 5 टक्के तेल निघतं त्या डोबा भागासाठी आणि 15 टक्के सरकारच्या नेहमीच्या खर्चाला. प्राधान्य क्षेत्रांवरच्या खर्चाला मान्यता देण्यासाठी नऊ जणांची देखरेख समिती होती. त्यात सरकारी अधिकारी, न्यायव्यवस्था, संसद आणि नागरी संघटना असे सगळे प्रतिनिधी. कागदावर यात खोट काढणं अवघड होतं. तरी तीन ठिकाणी गळती होती, आणि तिन्ही अशा कायद्यांत आजही सापडतात.

पहिली गळती म्हणजे कायद्याने कोणता पैसा धरला. तेलातून सरकारला तीन-चार वाटांनी पैसा येतो. विक्रीवर ठरावीक टक्के रॉयल्टी, सरकारचा हिस्सा असेल तर लाभांश, कंपनीच्या नफ्यावर कर, आणि करार करताना मिळणारा बोनस. चाडचा कायदा फक्त रॉयल्टी आणि लाभांशाला लागू होता, तोही डोब्यातल्या मूळ तीन क्षेत्रांपुरता. नफ्यावरचा कर थेट तिजोरीत जाणार होता. नवीन क्षेत्रं सापडली तर तीही बाहेर.

याचा परिणाम आकड्यांत बघा. रॉयल्टीचा दर खरा आहे, साडेबारा टक्के, आणि ती विहिरीच्या तोंडाशी धरलेल्या किमतीवर लागते, म्हणजे विक्रीतून वाहतूक वजा करून. बाकीचे आकडे समजण्यासाठी मी धरतोय. सुरुवातीच्या वर्षांत पिंपाला 25 डॉलर मिळाले आणि 5 डॉलर वाहतुकीत गेले तर उरतात 20. त्यावर रॉयल्टी अडीच डॉलर. विहिरी आणि पाइपलाइनवर झालेला प्रचंड खर्च कंपनी घसारा म्हणून वजा करत असते, त्यामुळे करपात्र नफा शून्य. सरकारला मिळाले अडीच डॉलर आणि ते सगळे कायद्याखाली. आता काही वर्षांनी भाव 60 झाला, वाहतूक 6, उरले 54. रॉयल्टी पावणेसात डॉलर. घसारा बराचसा संपलेला, कंपनीचा खर्च 12 धरा. नफा सव्वापस्तीस डॉलर आणि त्यावर 50 टक्के कर म्हणजे साडेसतरा डॉलरच्या थोडं वर. सरकारला मिळाले साधारण 24 डॉलर, त्यातले कायद्याखाली पावणेसात. ज्या कायद्याने पहिल्या वर्षी शंभर टक्के पैसा धरला होता, त्याच्या हातात आता जेमतेम 28 टक्के. कायद्याचं एक कलमही न बदलता हे झालं.

चाडमध्ये घडलं ते याच दिशेने. 1990 च्या दशकाच्या शेवटी तेल स्वस्त होतं, सगळे अंदाज त्या भावावर बेतलेले होते. पुढे भाव चढले आणि 2006 पासून नफ्यावरच्या कराचा पूर सुरू झाला. म्हणून कुठल्याही देशाचा तेलनिधी कायदा हातात आला की मी टक्केवारी शेवटी वाचतो. आधी व्याख्येचं कलम, 'तेल उत्पन्न' म्हणजे काय काय. त्यात नफ्यावरचा कर, बोनस आणि भावी क्षेत्रं नसतील तर पुढचं वाटप कितीही सुंदर असो, त्याला फारसा अर्थ नाही. बोनसचंच बघा. 2000 साली चाडला कंपन्यांकडून सुमारे अडीच कोटी डॉलरचा बोनस मिळाला. त्यातले जवळपास 40 लाख डॉलर शस्त्रास्त्रांवर खर्च झाले. बोनस कायद्याबाहेर होता. सरकार संधी मिळाली की काय करेल हे बँकेला तेल निघण्याच्या तीन वर्षं आधीच दिसलं होतं.

दुसरी गळती देखरेख समितीची. मान्यता देणं आणि काम झालं की नाही ते बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंत्रालयाकडून आलेल्या प्रस्तावावर समिती सही करायची किंवा अडवायची, आणि तिने काही प्रस्ताव खरोखर अडवलेही. पण शाळा बांधून झाली का, किती वर्गखोल्या, छत पडलंय का, हे बघायला शेकडो किलोमीटर लांब माणूस पाठवावा लागतो. त्याला गाडी, इंधन, भत्ता लागतो. समितीचा खर्च भागवणारं सरकारच होतं, आणि तो पैसा वेळेवर आणि पुरेसा मिळत नव्हता. तरीही सदस्यांनी पाहणी करून अहवाल काढले. अर्धवट इमारती, निकृष्ट साहित्य, पैसे दिले पण माल आला नाही, अशी प्रकरणं त्यात नोंदवली. पुढे काहीच होत नव्हतं. ठेकेदाराला दंड करण्याचा अधिकार समितीकडे नव्हता. प्रकरण न्यायालयात नेणं सरकारच्या हातात होतं आणि सरकार ते नेत नव्हतं. समितीतल्या प्रामाणिक माणसांबद्दल मला आदर वाटतो, पण ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच कृपेवर तपासणाऱ्याचं पेट्रोल चालत असेल तर फार अपेक्षा ठेवता येत नाही. चौकशी, महालेखापाल आणि खटला ही साखळी पूर्ण नसेल तर अहवाल नुसते साचत जातात.

तिसरी गळती सगळ्यांत मोठी, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. 'आधी कायदा करू, मग तेल काढू' यात गृहीत असतं की तेल निघाल्यावरही कायदा मोडणाऱ्याला रोखणारं कोणीतरी असेल. पाइपलाइन टाकेपर्यंत चाडला बँकेची गरज होती. 2001 च्या निवडणुकीनंतर दक्षिणेतले विरोधी नेते योरोंगार यांना पकडून मारहाण झाली, तेव्हा जागतिक बँकेच्या अध्यक्षांनी देबींना थेट फोन केला आणि ते सुटले. त्या वेळी पाइपलाइन अजून पूर्ण व्हायची होती, म्हणून फोनला वजन होतं. एकदा नळ जमिनीत गाडला, अब्जावधी डॉलर खर्च झाले, तेल वाहू लागलं, की पारडं फिरतं. आता कंपन्या निघून जाऊ शकत नाहीत, बँक तेल परत जमिनीत घालू शकत नाही, आणि सरकारकडे दर महिन्याला पैसा येतो. करारातला दबाव गुंतवणुकीआधी असतो आणि शर्ती मात्र गुंतवणुकीनंतर पाळायच्या असतात. या दोन काळांतलं अंतर हीच कमकुवत जागा.

पुढचा घटनाक्रम या दृष्टीने वाचा. चाडच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ मिळत होते, आणि देबींचा दुसरा 2006 मध्ये संपत होता. तेल सुरू झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत, जून 2005 मध्ये, सार्वमत घेऊन ही मर्यादा काढून टाकली. यावर सैन्यातले आणि त्यांच्या स्वतःच्या गोटातले लोक फुटले, पूर्व सीमेवर बंडखोर गट उभे राहिले. सरकारला शस्त्रांसाठी पैसा हवा होता. डिसेंबर 2005 मध्ये संसदेने तेल-कायदाच बदलला. पुढच्या पिढ्यांचा निधी रद्द, त्यात जमलेले सुमारे 3.6 कोटी डॉलर मोकळे. सरकारच्या नेहमीच्या खर्चाचा वाटा 15 वरून 30 टक्के. आणि 'प्राधान्य क्षेत्र' या यादीत सुरक्षा आणि प्रादेशिक प्रशासन यांची भर. हा शेवटचा बदल मला सर्वांत बोलका वाटतो. शाळा-दवाखान्यांसाठी राखलेला वाटा तर घटलाच, पण जो उरला तोही, फक्त यादीत एक शब्द वाढवून, बंदुकांना वापरता आला.

जागतिक बँकेने जानेवारी 2006 मध्ये सुमारे 12.4 कोटी डॉलरची कर्जं थांबवली आणि लंडनचं खातं गोठवलं. एप्रिलमध्ये बंडखोर थेट राजधानी एनजामेनापर्यंत पोचले. देबींनी सांगितलं, पैसे सोडा नाहीतर तेल बंद करतो. तेव्हा जगात तेलाचे भाव आधीच चढलेले होते. महिना संपायच्या आत तात्पुरता समझोता झाला, आणि मे महिन्यात विरोधकांनी बहिष्कार टाकलेल्या निवडणुकीत देबी तिसऱ्यांदा निवडून आले. जुलैच्या करारात चाडने अर्थसंकल्पाचे 70 टक्के गरिबी हटवण्याच्या कामांवर घालायचं मान्य केलं. ते पाळलं गेलं नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये बंडखोर पुन्हा राजधानीत शिरले. त्या धामधुमीत पकडलेले विरोधी नेते इब्नी उमर महामत सालेह पुन्हा कधी दिसले नाहीत. सप्टेंबर 2008 मध्ये चाडने बँकेचं 6.57 कोटी डॉलरचं कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं आणि बँक प्रकल्पातून बाहेर पडली. ज्या तेलाच्या पैशावर नजर ठेवायची होती, त्याच पैशाने नजर ठेवणाऱ्याची देणी चुकवली गेली.

इथे अनेक लेख थांबतात, पण पुढचा टप्पा जास्त बारकाईने बघण्यासारखा आहे, कारण तो आज बऱ्याच देशांत चालतो. तेल अजून जमिनीत असताना ते तारण ठेवून कर्ज घेणं. 2014 मध्ये चाडने शेव्हरॉनचा हिस्सा विकत घेतला आणि त्यासाठी ग्लेनकोर या तेल व्यापारी कंपनीकडून एक अब्ज डॉलरहून मोठं कर्ज काढलं. परतफेड तेलाच्या जहाजांतून व्हायची होती, म्हणजे व्यापारी आपला हप्ता आधी कापून घेणार आणि उरलेलं तिजोरीत येणार. व्यवहार जूनमध्ये झाला, तेव्हा भाव पिंपाला 100 डॉलरच्या वर होता. जानेवारी 2016 मध्ये तो 30 च्या खाली गेला. सरकारी वाट्याच्या तेलाचा मोठा भाग हप्त्यातच जाऊ लागला, कर्मचाऱ्यांचे भत्ते कापले गेले, लांबलचक संप झाले. कर्जाची फेररचना 2015, 2018 आणि पुन्हा 2022 मध्ये करावी लागली. उत्तरदायित्वाच्या बाजूने यात वाईट हे की असा पैसा अर्थसंकल्पात दिसायच्या आधीच वळलेला असतो. उत्पन्नाच्या बाजूला फक्त उरलेली रक्कम दिसते. खासदाराला प्रश्न विचारायचा तरी काय धरून विचारणार? म्हणून तपासताना आम्ही दोन आकडे शेजारी ठेवतो. सरकारच्या वाट्याची एकूण पिंपं गुणिले विक्रीचा भाव, आणि तिजोरीत खरोखर जमा झालेली रक्कम. यातली तफावत वाहतूक आणि दर्जाची सूट यांनी भरून निघत नसेल तर मध्ये कुठेतरी तारण आहे. डोब्याचं तेल जड आणि आम्लयुक्त असल्यामुळे त्याला ब्रेंट या जागतिक मानक तेलापेक्षा कमी भाव मिळायचा, त्यामुळे ती सूट खरी किती आणि बहाण्याची किती हेही बघावं लागतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तेल आलं की लोकशाही जातेच, असं मी म्हणणार नाही. नॉर्वेत तेल सापडलं तेव्हा करव्यवस्था, न्यायालयं, वर्तमानपत्रं आणि निवडणुका पिढ्यान्‌पिढ्या चालत होत्या. तिथे निधीचा कायदा 1990 चा, आणि त्यात पहिली रक्कम पडली 1996 मध्ये. निधीने संस्था घडवल्या नाहीत, संस्थांनी निधी सांभाळला. चाडमध्ये तेलाआधीही लोकशाही नव्हती, त्यामुळे तेलाने लोकशाही मोडली असं म्हणणं अचूक होणार नाही. तेलाने एवढं केलं की एका बंडातून आलेल्या सत्तेला हटणं अनावश्यक झालं. देबी 2021 मध्ये रणांगणावर मरेपर्यंत सत्तेत राहिले आणि त्यांच्यानंतर मुलाने सूत्रं घेतली. अभ्यासकांमध्येही या सगळ्यावर वाद आहे. काहींच्या मते एकाच देशाचा लांबचा इतिहास घेतला तर तेलाचा परिणाम फिका पडतो. मला पटतं ते असं की 1970 च्या दशकात देशोदेशी तेल राष्ट्रीय मालकीत गेलं आणि भाव वाढले, त्यानंतर हा परिणाम स्पष्ट दिसतो, कारण तेव्हापासून नफ्याचा मोठा वाटा थेट सरकारांच्या हाती येऊ लागला.

मग कायदा, खातं, समिती हे सगळं व्यर्थ का? तसं नाही. या गोष्टी लोकांच्या हातात पुरावा देतात. लंडनचं खातं होतं म्हणूनच किती पैसा आला आणि कधी वळवला हे आज आपण सांगू शकतो. पण त्यांचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा देशात ते पुरावे वापरणारं कोणी असतं आणि त्याला तुरुंगात टाकता येत नाही. चाडमधल्या आणि बाहेरच्या कितीतरी संघटनांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस हेच सांगितलं होतं. पाइपलाइन काही वर्षं थांबवा, आधी न्यायालयं आणि हिशेब तपासणारी खाती उभी राहू द्या. संस्था आणि तेल सोबतच वाढतील असं बँकेने धरलं. विहिरी तीन वर्षांत तयार झाल्या. महालेखापालाचं कार्यालय तीन वर्षांत तयार होत नसतं.

तुम्हाला हे चालू काळात बघायचं असेल तर दक्षिण अमेरिकेतल्या गयानावर लक्ष ठेवा. आठ लाखांच्या आसपास लोकवस्ती, डिसेंबर 2019 मध्ये पहिलं तेल, आणि पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात. चाडपेक्षा तिथे बरंच काही चांगलं आहे. खऱ्या अर्थाने लढवल्या जाणाऱ्या निवडणुका होतात, विरोधी पक्ष जिवंत आहे. पण निधीचा 2019 चा कायदा 2021 च्या अखेरीस संसदेतल्या गदारोळात बदलला गेला आणि निधीतून दरवर्षी किती काढायचं याचं सूत्र 2024 मध्ये पुन्हा सैल केलं. सूत्र साधं आहे. आदल्या वर्षी निधीत जितकं आलं त्याचे टप्पे पाडायचे आणि खालच्या टप्प्यातली रक्कम पूर्ण काढू द्यायची, वरच्या टप्प्यांतली कमी कमी. 2021 च्या सूत्रात पहिले 50 कोटी डॉलर पूर्ण काढता येत होते. 2024 मध्ये ती मर्यादा एक अब्जावर नेली. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात दोन गोष्टी शोधा. निधीतून काढलेली रक्कम एकूण खर्चाच्या किती टक्के आहे, आणि तेलाशिवायच्या करांचा वाटा घटतोय का. पहिली टक्केवारी चढत आणि दुसरी उतरत असेल, आणि त्याच काळात सूत्र आणखी एकदा बदललं, तर निवडणुका वेळेवर होत असल्या तरी काळजी करायला लागा.